‘कधीपासून रुजू होऊ शकाल?’

ब्रिटनमधल्या रिक्रूटरचा पहिला ईमेल बहुधा चार-पाच ओळींचाच असतो. प्रोफाइल आवडलं, पगाराची अपेक्षा कळवा, आणि मग दोन प्रश्न: तुम्हाला युकेत काम करण्याचा हक्क आहे का, आणि लवकरात लवकर कधी रुजू होऊ शकाल? आपल्याकडचे अनेक हुशार उमेदवार या दोन प्रश्नांना एका ओळीत उत्तर देतात. व्हिसाची अडचण नाही, लगेच रुजू होऊ शकतो. देशातल्या नोकऱ्या शोधताना ‘इमिजिएट जॉइनर’ असं लिहिलं की फोन लवकर येतात, ती सवय हाताला लागलेली असते. पुण्यात बसून युकेतल्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही दोन्ही विधानं जवळजवळ नेहमीच चुकीची असतात, आणि रिक्रूटरला ते पहिल्या फोनवरच कळतं.

तिथली कंपनी हे विचारते त्यामागे कायदा आहे. माणूस कामावर घेण्याआधी त्याचा कामाचा हक्क तपासणं हे मालकाचं काम. तो हक्क नसलेला माणूस कामावर सापडला तर 13 फेब्रुवारी 2024 पासून पहिल्या वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा सापडल्यास 60,000 पौंडांपर्यंत. ज्यांचा व्हिसा ऑनलाइन नोंदलेला असतो ते सरकारी संकेतस्थळावरून नऊ अक्षर-अंकांचा एक ‘शेअर कोड’ काढून देतात आणि कंपनी त्यावरून पडताळणी करते. कामाच्या हक्कासाठीचा कोड ‘W’ने सुरू होतो. तुम्ही ‘हो, हक्क आहे’ असं लिहिलं की पुढची मागणी या कोडची येणार. तो तुमच्याकडे नसेल तर तुमच्या उत्तराची किंमत तिथेच संपते.

समजा, साताऱ्याची एक मुलगी हिंजवडीतल्या कंपनीत डेटा इंजिनिअर आहे. पाच वर्षांचा अनुभव. मॅंचेस्टरच्या एका कंपनीसाठी तिला सोमवारी, 2 मार्च 2026 रोजी असा ईमेल आला. मागे बहिणीकडे जाऊन आली तेव्हाचा तिचा युकेचा व्हिजिटर व्हिसा अजून चालू आहे. तिने काय लिहावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. व्हिजिटर व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही, त्यामुळे तो या उत्तरात आणूच नये. वाचणाऱ्याचा त्याने गैरसमज होतो. ‘स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पात्र आहे’ हेही कामाच्या हक्काचं उत्तर नव्हे. पात्रता कागदावरची, हक्क हातातला. फॉर्ममध्ये बहुतेक वेळा याच्याच खाली दुसरा प्रश्न असतो: आत्ता किंवा पुढे तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का? तिचं उत्तर ‘हो’. एक ‘नाही’ आणि एक ‘हो’ लिहिताना हात अडखळतो, कारण दोन्हींमुळे आपण बाद होऊ असं वाटतं. काही ठिकाणी होऊही. पण ज्या कंपनीकडे स्पॉन्सर होण्याचा परवानाच नाही तिथे तीन फेऱ्या मुलाखती देऊन शेवटी बाद होण्यात कुणाचाच फायदा नाही. परवानाधारक कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करतं. रिक्रूटरने कंपनीचं नाव सांगितलं असेल तर उत्तर लिहिण्याआधी ती यादी उघडून पाहावी.

इथे आणखी एक उत्तर मला अलीकडे वारंवार दिसतं आणि त्याची फार काळजी वाटते: ‘स्पॉन्सरशिपचा खर्च मी भरेन.’ हे लिहू नये. परवान्याची फी, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज हा बोजा कंपनीने स्किल्ड वर्करवर टाकणं नियमात बसत नाही. तसं केल्यास परवाना जाऊ शकतो. जबाबदार कंपनी अशा वाक्याने सावध होते. आणि उलट कुणी ‘सर्टिफिकेटचे इतके लाख द्या’ म्हणत असेल तर तो रिक्रूटर नव्हे, हे ओळखून तिथून बाहेर पडावं.

आता तारीख. खरी गुंतागुंत इथे आहे.

ही तारीख फक्त ईमेलपुरती राहत नाही. भारतातून येणाऱ्या माणसासाठी कंपनीला गृहखात्याकडे ‘डिफाइन्ड’ प्रकारचं सर्टिफिकेट मागावं लागतं. या सर्टिफिकेटला सगळे सीओएस म्हणतात. त्यात पद, पगार आणि काम सुरू होण्याची तारीख असते, आणि ती तारीख बहुधा तुम्ही सांगितलेल्या तारखेवरूनच ठरते. पुढे तिच्यावर दोन बंधनं येतात. व्हिसाचा अर्ज त्या तारखेच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. आणि प्रत्यक्ष रुजू होणं त्या तारखेपासून 28 दिवसांपेक्षा जास्त लांबलं, तर कंपनीला ते कारणासह गृहखात्याला कळवावं लागतं. व्हिसाच उशिरा मिळाला तर हे 28 दिवस तिथून मोजतात.

आता यात आपल्याकडची 90 दिवसांची नोटीस बसवून पाहा. आपल्या आयटी कंपन्यांत ती सर्रास असते. शहाणा माणूस व्हिसा हातात आल्याशिवाय राजीनामा देत नाही, आणि देऊही नये. म्हणजे व्हिसा आणि नोटीस एकापाठोपाठ येणार, एकाच वेळी चालणार नाहीत.

आपल्या मुलीचा हिशेब मांडू. मार्चभर मुलाखती झाल्या आणि 10 एप्रिलला लेखी ऑफर आली असं धरू. कंपनीने कागदपत्रं जमवून सीओएस द्यायला दोन-अडीच आठवडे. तेवढ्या वेळात तिने मान्यताप्राप्त केंद्रात क्षयरोगाची तपासणी करून घेतली. भारतातून जाणाऱ्यांना ती लागते आणि प्रमाणपत्र सहा महिने चालतं. इंग्रजीचा पुरावाही तयार ठेवला. 8 जानेवारी 2026 पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी तो बी2 पातळीचा लागतो. 29 एप्रिलला तिने ऑनलाइन अर्ज भरला, 4 मेला व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे दिले. युकेबाहेरून केलेल्या अर्जाचा निकाल साधारण तीन आठवड्यांत येतो, म्हणजे 25 मेच्या आसपास. थोडी सवड ठेवून 1 जूनला राजीनामा. त्यापुढे 90 दिवस म्हणजे 30 ऑगस्ट. सामान आवरणं, प्रवास, राहायची पहिली सोय. रुजू होण्याची प्रामाणिक तारीख सोमवार, 7 सप्टेंबर.

पण अर्ज 29 एप्रिलला केला असेल तर सीओएसवरची तारीख 29 जुलैच्या पुढची असू शकत नाही. सोमवार, 27 जुलै धरली तर 28 दिवस 24 ऑगस्टला संपतात. 7 सप्टेंबर त्यापुढे दोन आठवडे जातो. अर्ज उशिरा केला तरी उपयोग नाही, कारण मग निकाल, राजीनामा आणि नोटीस सगळंच तितकंच पुढे सरकतं. 90 दिवसांची पूर्ण नोटीस आणि व्हिसानंतरचा राजीनामा, या दोन गोष्टी एकत्र त्या चौकटीत सहज मावत नाहीत. जुन्या मालकाची करारातली नोटीस पुरी करावी लागणं हे उशिराचं ग्राह्य कारण ठरू शकतं, पण ते कंपनीने मान्य करून नोंदवायला हवं. त्यासाठी कंपनीला ही अडचण मार्चमध्येच माहीत असली पाहिजे. ऑगस्टमध्ये कळली तर तिथल्या एचआरच्या दृष्टीने तो धक्का असतो.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी आपलं नियुक्तिपत्र काढून नोटीसचं कलम शब्दशः वाचावं. 90 कॅलेंडर दिवस की कामकाजाचे? उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटता येतं का, आणि तो हक्क आपला की कंपनीच्या मर्जीचा? शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का? तिच्या पत्रात असं निघालं की पैसे भरून सुटता येईल, पण मॅनेजरच्या संमतीने. तिच्या टीममधल्या काहींना 60 दिवसांत सोडलं होतं. तसं झालं तर 1 जूनपासून 60 दिवस 31 जुलैला भरतात आणि सोमवार, 10 ऑगस्टला ती रुजू होऊ शकते. ही तारीख 24 ऑगस्टच्या आत येते. फरक एवढाच की 7 सप्टेंबर तिच्या हातात आहे, आणि 10 ऑगस्ट दुसऱ्याच्या.

तिचं उत्तर इंग्रजीत जाईल, पण त्याचा मजकूर असा असावा: ‘मी भारतीय नागरिक आहे आणि पुण्यात राहते. मला सध्या युकेत काम करण्याचा हक्क नाही. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल. माझी करारातली नोटीस 90 कॅलेंडर दिवसांची आहे आणि व्हिसा मिळाल्यावर मी ती देईन. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफर आणि महिनाअखेरीपर्यंत सीओएस मिळाल्यास 7 सप्टेंबर 2026 पासून रुजू होऊ शकते. माझ्या कंपनीने 60 दिवसांत सोडल्यास 10 ऑगस्ट शक्य आहे, पण त्याबद्दल मी अजून विचारलेलं नाही.’

शेवटचं वाक्य पुष्कळांना गाळावंसं वाटेल. ते राहू द्यावं असं माझं ठाम मत आहे. न विचारलेली परवानगी मिळालीच आहे असं धरून लिहिलेली तारीख ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत घातक गोष्ट आहे. फॉर्ममध्ये एकच तारीख टाकायला जागा असेल तर 7 सप्टेंबर टाकावी आणि 10 ऑगस्टचं ईमेलमध्ये लिहावं.

आधीच युकेत असलेल्यांचं उत्तर वेगळं असतं, आणि तिथे चूक उलट्या बाजूने होते. लीड्समध्ये एमएस्सी करून ग्रॅज्युएट व्हिसावर असलेला मुलगा पहिल्या प्रश्नाला ‘हो’ लिहितो, ते बरोबरच. पण दुसऱ्यालाही तो ‘स्पॉन्सरशिप नको’ म्हणतो, कारण आज नको असते. प्रश्नात ‘पुढे’ हा शब्द आहे. हा व्हिसा वाढवून मिळत नाही. पीएचडी नसलेल्यांना तो दोन वर्षांचा असतो, आणि 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दीड वर्षाचाच मिळेल. त्याने व्हिसा संपण्याची तारीख लिहावी आणि त्यापुढे स्पॉन्सरशिप लागेल असंही लिहावं. जोडीदाराच्या डिपेंडंट व्हिसावर गेलेल्यांना मात्र बहुतेक कामांसाठी स्वतंत्र स्पॉन्सरशिप लागत नाही, आणि अनेकजणी ते स्पष्ट न लिहिल्यामुळे उगाच बाजूला काढल्या जातात. त्यांनीही व्हिसाची अखेरची तारीख द्यावी, कारण ती जोडीदाराच्या व्हिसाशी बांधलेली असते.

आणि दिलेली तारीख हलली तर? ऑफर दोन आठवडे लांबली, ठसे देण्याची वेळ उशिराची मिळाली, मॅनेजरने 60 दिवसांना नकार दिला, यातलं काहीही घडलं की त्याच दिवशी नवी तारीख आणि कारण रिक्रूटरला लिहून कळवावं. सीओएस निघालं नसेल तर कंपनी त्यात नवी तारीख घालू शकते. निघालं असेल, तर 28 दिवसांचा हिशेब करून तो बदल नोंदवायचा की नाही हे त्यांना ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्यांच्या हातात थोडे दिवस असावे लागतात.