मार्चचे क्लेम खरंच घटले होते का?

नाशिकच्या एका आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि २८ मार्चला त्यांना घरी सोडलं, असं समजा. बिल त्यांनी खिशातून भरलं. कागदपत्रं गोळा करून विमा कंपनीकडे पाठवायला एप्रिलचा मध्य उजाडला. पुढे दोन महिने चाललेल्या फिजिओथेरपीची बिलं जूनमध्ये गेली. अनेक पॉलिसींमध्ये रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या साठ दिवसांचा खर्चही मिळतो, त्यामुळे यात गैर काहीच नाही. कंपनीची वही मात्र ३१ मार्चला बंद होते. त्या दिवशी या आजोबांचं नाव कंपनीच्या दफ्तरी कुठेच नाही, तरीही त्यांचा खर्च त्याच वर्षाच्या खात्यावर पडायला हवा.

अशा घडलेल्या पण अजून न कळलेल्या किंवा अर्धवट कळलेल्या क्लेमसाठी जी रक्कम बाजूला दाखवावी लागते, तिचा अंदाज ॲक्चुअरी बांधतो. भारतात प्रत्येक विमा कंपनीला नियुक्त ॲक्चुअरी ठेवावा लागतो आणि विमा नियामक ‘इर्डा’कडे या तरतुदीचा आकडा त्याच्या सहीने जातो. ही तरतूद वाढवा, असं सांगणारं टिपण तो संचालक मंडळाला लिहितो, तेव्हा त्या टिपणात नेमकं काय असतं? एक काल्पनिक कंपनी घेऊ. ती फक्त आरोग्य विमा विकते आणि वर्षाला ६०० कोटींचा हप्ता गोळा करते. आकडे समजुतीपुरते आहेत, रीत मात्र ॲक्चुअरी नेहमी वापरतात तीच.

ही रीत जुन्या अनुभवावर चालते. एका महिन्यात दाखल झालेल्या रुग्णांच्या एकूण खर्चापैकी त्या महिन्याच्या अखेरीस किती रक्कम चुकती होते, पुढच्या महिनाअखेर किती, त्यानंतर किती, याची नोंद कंपनी वर्षानुवर्षं ठेवते. या कंपनीत पहिल्या महिनाअखेर ४० टक्के, मग ७५, ९०, ९६ आणि पाचव्या महिनाअखेर सगळे १०० टक्के पैसे गेलेले असत. त्यामुळे ३१ मार्चला मार्चच्या रुग्णांपोटी १३.६ कोटी दिले गेले असतील, तर त्याला ०.४ ने भागायचं. मार्चचा एकूण खर्च ३४ कोटी निघतो. उरलेले २०.४ कोटी ही मार्चची तरतूद.

याच रीतीने मागचे महिने मांडले तेव्हा चित्र फार गोड दिसलं. डिसेंबरचा खर्च ३९ कोटी, जानेवारीचा ३८, फेब्रुवारीचा ३६ आणि मार्चचा ३४. क्लेम दर महिन्याला उतरताहेत! चारही महिन्यांची मिळून तरतूद ३५ कोटी पुरेशी वाटत होती. अशा तक्त्यावर अर्थप्रमुख खूश होतो आणि ॲक्चुअरी अस्वस्थ होतो. ताज्या महिन्यांचे आकडे ओळीने घसरत असतील, तर रुग्ण कमी झाले असं मानण्याआधी फायली तर तुंबल्या नाहीत ना, हे बघावं लागतं.

बघायचं कसं? कॅशलेसची मागणी रुग्ण दाखल होतानाच रुग्णालयाकडून येते. पैसे कधीही जावोत, ती सूचना लगेच नोंदली जाते. मार्चमधल्या सूचना डिसेंबरइतक्याच होत्या. बदललं होतं ते टीपीएचं टेबल, म्हणजे क्लेम तपासणारी मधली संस्था. कंपनीने हिवाळ्याच्या सुरुवातीला नवी टीपीए नेमली होती आणि तिच्या शंकापत्रांमुळे फायली पडून राहत होत्या. फायलींच्या तारखा तपासल्यावर ॲक्चुअरीला चुकते होण्याचा नवा वेग मिळाला: ३४, ६८, ८६, ९४ आणि मग १०० टक्के.

आता तोच १३.६ कोटींचा आकडा ०.३४ ने भागला की मार्चचा खर्च ४० कोटी निघतो. बाकीचे तीन महिनेही ४० वरच येऊन थांबतात. उतार नाहीसा होतो. ॲक्चुअरीने याचा ताळा वेगळ्या वाटेने घेतला. सूचनांवरून मार्चमध्ये मंजूर होण्याजोगे क्लेम सुमारे ५,००० होते आणि सरासरी क्लेम ८०,००० रुपयांचा, म्हणजे पुन्हा ४० कोटीच. तरतूद ३५ वरून सुमारे ४७ कोटींवर न्यावी, असं टिपणात लिहिलं गेलं.

हा प्रकार केवळ कागदावरचा नाही. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेत ‘चेंज हेल्थकेअर’वर सायबर हल्ला झाला आणि रुग्णालयांची बिलं विमा कंपन्यांपर्यंत पोचण्याचा मोठा मार्गच बंद पडला. तिची मालक ‘युनायटेडहेल्थ’ स्वतःही विमा विकते. तिच्या टेबलावर येणारी बिलं रोडावली, तरी त्या तिमाहीत तिने क्लेमची तरतूद ८० कोटी डॉलरनी वाढवली. बिलं आली नाहीत म्हणून उपचार थांबले नव्हते.

आपल्या कंपनीच्या टिपणात याहून कडू भागही आहे. आदल्या वर्षी महिन्याचा खर्च ३६ कोटी होता आणि विमाधारक जवळपास तेवढेच आहेत. उपचार महागले हे एक कारण. दुसरं अधिक आतलं आहे. तीन वर्षांपूर्वी कंपनीने झपाट्याने पॉलिसी विकल्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठी २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येतं. ती मुदत आता एकगठ्ठा संपते आहे. हप्ता वाढवला तर तरुण, निरोगी मंडळी पॉलिसी सोडतात आणि आजारी मागे राहतात. शिवाय २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर ‘इर्डा’शी आधी सल्लामसलत करावी लागते. खर्चामागे हप्ता लगेच धावू शकत नाही.

परिणाम टिपणात सरळ सांगितला आहे. नफ्यातून १२ कोटी जातील, म्हणजे हप्त्याच्या प्रत्येक १०० रुपयांमागे २ रुपये. कर बाजूला ठेवला, तर कंपनीचं जादा भांडवल २२५ कोटींवरून सुमारे २१३ वर येईल. नियमाने हवे आहेत १४० कोटी. सॉल्व्हन्सी गुणोत्तर १.६१ वरून १.५२ वर उतरेल, आणि ‘इर्डा’ची किमान मर्यादा आहे १.५.

म्हणूनच टिपणातली गृहीतकं वाचण्यासारखी असतात. पहिल्या महिन्याचा वेग ३४ ऐवजी ३२ टक्के धरला, तर एकट्या मार्चचा खर्च आणखी अडीच कोटींनी चढतो आणि गुणोत्तर कसंबसं दीडवर राहतं. उलट नवी टीपीए शंका काढून शेवटी जास्त क्लेम नाकारत असेल, तर ४७ कोटी जास्त ठरतील. ॲक्चुअरीने निकाली निघालेल्या फायली पाहिल्या. नाकारण्याचं प्रमाण पूर्वीइतकंच होतं, म्हणून त्याने ते बदललं नाही. अर्थप्रमुखाचं म्हणणं, एक तिमाही थांबू. पण तोवर ताळेबंद छापून गेलेला असेल.

टिपणाच्या शेवटी त्याने स्वतःचीच कसोटी लिहून ठेवली आहे. जुना अंदाज बरोबर असेल, तर ३० जूनपर्यंत मार्चच्या रुग्णांपोटी सुमारे ३२.६ कोटी दिले गेलेले असतील. त्याचा अंदाज बरोबर असेल, तर ३७.६ कोटी.