बोललेले शब्द, छापलेले शब्द

एखाद्या जाणकाराशी तासभर गप्पा झाल्या आणि त्या रेकॉर्ड झाल्या म्हणजे मुलाखत झाली, असं वाटतं. प्रत्यक्षात तेव्हा हातात कच्चा माल आलेला असतो. तासाभराच्या बोलण्यात सहज सात-आठ हजार शब्द असतात आणि मासिकात छापायचे असतात दीड हजार. बाकीचे कुठे जातात, कोणी आणि कशाच्या आधारावर काढले, यावर त्या मुलाखतीचा खरेपणा ठरतो. मराठीत या कामाला ‘शब्दांकन’ म्हणतात. दिवाळी अंकांत मुलाखतीखाली बारीक अक्षरात शब्दांकन करणाऱ्याचं नाव असतं. त्या बारीक अक्षरामागे काय काय असतं, ते एका विषयाच्या आधारे पाहू.

विषय घेऊ सर्पदंशाचा. ग्रामीण रुग्णालयात वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांची मुलाखत घ्यायची आहे. हा विषय मुद्दाम निवडला, कारण इथे वाक्यातला एक शब्द गळला तरी वाचणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. पुढे येणारं डॉक्टरांचं बोलणं नमुना म्हणून मी रचलेलं आहे. त्यातली वैद्यकीय माहिती मात्र खरी आहे.

तयारीचं थोडक्यात सांगतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप आणि त्या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, एवढं तरी आधी वाचून जावं. पुस्तकात मिळणाऱ्या गोष्टी डॉक्टरांना विचारण्यात त्यांचाही वेळ जातो आणि आपलाही. रेकॉर्डिंग दोन यंत्रांवर करावं. फोनवर करत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग थांबू शकतं. फोन टेबलावर नुसता ठेवू नका, खाली घडी घातलेला रुमाल ठेवा, म्हणजे पेन आपटल्याचा, कप ठेवल्याचा आवाज शब्दांवर चढत नाही. डोक्यावरचा पंखा हा आपल्याकडच्या रेकॉर्डिंगचा सर्वांत मोठा शत्रू आहे. मिनिटभर बोलून, कानात इअरफोन घालून ऐकून घ्या आणि मगच सुरुवात करा. पहिली परवानगीही रेकॉर्डिंगमध्येच घ्यावी: “डॉक्टर, हे मी रेकॉर्ड करतोय, लेखासाठी वापरणार आहे. चालेल ना?”

आता खरं काम. छापण्याजोगं वाक्य समोरासमोर बसलेलं असतानाच मिळवावं लागतं. मागाहून टेबलावर ते तयार होत नाही. तज्ज्ञ माणूस आपल्या धंद्याच्या भाषेत बोलतो आणि त्यात त्याची चूक नसते. डॉक्टर म्हणतील, “घोणसचा संशय असला की आम्ही ट्वेंटी मिनिट व्होल ब्लड क्लॉटिंग टेस्ट करतो.” हे वाक्य जसंच्या तसं छापलं तर वाचक पुढच्या परिच्छेदाकडे वळेल. इथे मान डोलावून पुढे जाऊ नये. विचारावं, “ती करताना तुमच्या हातात काय असतं? पहिल्यापासून सांगा.” मग उत्तर वेगळं येतं: “काही नाही हो, काचेची स्वच्छ, कोरडी नळी. त्यात दोन मिली रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. हलवायची पण नाही. वीस मिनिटांनी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं की समजायचं, गोठत नाहीये, विष चढलंय.” ही चाचणी आता खेड्यातल्या वाचकालाही दिसते, आणि शब्द डॉक्टरांचेच आहेत.

‘का?’ हा दुसरा उपयोगी प्रश्न. प्रतिविषाचा डोस लहान मुलाला आणि मोठ्या माणसाला सारखाच देतात, असं डॉक्टर सांगतात. आपल्याला वाटतं, मुलाला कमी द्यायला हवा. तेव्हा विचारायचं आणि गप्प बसायचं. उत्तर येतं, “साप काय वजन बघून चावतो का? मुलगा असो की बाप, विष तेवढंच आत गेलेलं असतं. आपल्याला मारायचंय विषाला.” असं वाक्य शीर्षकाखाली मोठ्या अक्षरात लावता येतं, कारण त्यात नियम आणि त्याचं कारण एकत्र आहे. प्रश्नानंतरची शांतता सहन न होऊन आपणच बोलायला लागलो, तर ते कधीच हाती लागत नाही.

एक सवय मात्र कटाक्षाने टाळावी. आपण म्हणतो, “म्हणजे डॉक्टर, पहिला तास हाच सोन्याचा तास, असं म्हणायचंय ना तुम्हाला?” डॉक्टर म्हणतात, “हो हो.” आणि लेखात डॉक्टरांच्या नावावर छापून येतं, ‘पहिला तास हाच सोन्याचा तास.’ हे शब्द आपले आहेत, डॉक्टरांनी फक्त होकार दिला आहे. होकाराला अवतरणचिन्हं लागत नाहीत. तो मुद्दा हवाच असेल तर, “तुमच्या शब्दांत सांगा ना,” असं तिथेच म्हणावं. तसंच हातवाऱ्यांचं. “सूज इथपर्यंत येते,” हे यंत्राला दिसत नाही. “म्हणजे गुडघ्यापर्यंत?” असं आपण मोठ्याने विचारलं की ते नोंदलं जातं.

घरी आल्यावर पहिल्यांदा सगळं शब्दशः उतरवून काढावं, मिनिटांच्या खुणांसकट. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते स्वतः करावं असं माझं ठाम मत आहे, कारण बोलणाऱ्याचा अडखळा कुठे विचारांचा होता आणि कुठे नुसता सवयीचा, हे कानालाच कळतं. आकड्यांपाशी थांबून परत ऐकावं. ‘सतरा’ आणि ‘सत्तर’, ‘सात’ आणि ‘साठ’ ही मराठीतली नेहमीची फसवी जोडपी आहेत. ऐकून खात्री पटली नाही तर डॉक्टरांनाच फोन करून विचारावं, अंदाज करू नये.

उतरवलेला मजकूर साधारण असा दिसतो:

“हां, म्हणजे काय होतं बघा, मण्यार… मण्यारचं कसंय, ती बऱ्याचदा, म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये तरी, रात्री झोपेत चावते. जमिनीवर झोपलेला असतो ना माणूस. आणि दुखत… म्हणजे फारसं दुखत नाही बऱ्याच जणांना, खूण पण कधी कधी दिसत नाही. तो पहाटे उठतो, पोट दुखतंय म्हणतो. मग पापण्या… पापण्या जड होतात, उघडत नाहीत. घरच्यांना वाटतं, हे काय, पित्त झालं असेल. आम्ही पहिलं विचारतो, झोपला कुठे होतास?”

घाईतला संपादक याचं असं करेल: “मण्यार रात्री झोपेत चावते. तिच्या दंशाने वेदना होत नाहीत आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटदुखी सुरू होते व पापण्या जड होतात.” वाक्यं नीटनेटकी झाली, शुद्धलेखनही चोख आहे आणि माहिती चुकीची झाली. ‘बऱ्याचदा’, ‘फारसं’, ‘कधी कधी’ हे तिन्ही शब्द गेले. आता ज्याला चावल्यावर दुखतंय, तो वाचक म्हणेल, दुखतंय म्हणजे मण्यार नव्हे, सकाळी बघू. डॉक्टरांनी असं कुठेही म्हटलं नव्हतं.

नीट केलेला मजकूर असा होईल: “मण्यार बऱ्याचदा रात्री झोपेत चावते, आमच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये तरी. माणूस जमिनीवर झोपलेला असतो. बऱ्याच जणांना फारसं दुखत नाही, खूण पण कधी कधी दिसत नाही. तो पहाटे उठतो, पोट दुखतंय म्हणतो. मग पापण्या जड होतात, उघडत नाहीत. घरच्यांना वाटतं, पित्त झालं असेल. आम्ही पहिलं विचारतो, झोपला कुठे होतास?”

काय काढलं ते पाहा: ‘हां’, ‘म्हणजे काय होतं बघा’, ‘कसंय’, दोनदा आलेले शब्द, अर्धवट सोडलेलं ‘दुखत’. हे सगळे बोलण्याचे श्वास आहेत. काय ठेवलं? मर्यादा सांगणारे सगळे शब्द, आणि ‘आमच्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये तरी’ हा तुकडा, कारण आपण किती पाहिलं आणि किती नाही याची डॉक्टरांना असलेली जाण त्यात आहे. ‘पेशंट’चं ‘रुग्ण’ केलं नाही. डॉक्टर तसं बोलत नाहीत, आणि त्यांच्या तोंडी सरकारी परिपत्रकाची भाषा घातली की माणूस नाहीसा होतो. शेवटचा प्रश्न तर कुठल्याही परिस्थितीत कापायचा नाही, सगळं निदान त्या प्रश्नात आहे.

क्रम बदलायला हरकत नाही. प्रतिविषाबद्दल डॉक्टर सुरुवातीलाही बोलले आणि शेवटीही, तर ते एकत्र आणावं. पण दहाव्या मिनिटाचं अर्धं वाक्य पन्नासाव्या मिनिटाच्या अर्ध्या वाक्याला जोडून एकाच अवतरणात घालू नये. दोन वेगळी अवतरणं करावीत, मध्ये आपलं वाक्य ठेवावं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं ही तर सरळ फसवणूक आहे.

हा वाद अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. जॅनेट माल्कम यांनी 1983 साली ‘द न्यू यॉर्कर’मध्ये जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकावर दीर्घ लेख लिहिला. आपल्या नावावरची काही अवतरणं आपण बोललोच नाही, असं म्हणत मॅसन कोर्टात गेले. मुलाखतींचं चाळीस तासांहून जास्त रेकॉर्डिंग होतं, पण वादातली वाक्यं त्यात सापडली नाहीत. 1991 साली न्यायालयाने सांगितलं की शब्दांत बदल केला एवढ्यावरून लेखकाने जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरत नाही. त्या बदलाने अर्थच मोठ्या प्रमाणात पालटला असेल, तर मात्र तो लेखकाविरुद्ध पुरावा ठरू शकतो. पुढे 1994 मध्ये ज्यूरीने माल्कम यांच्या बाजूने निकाल दिला. कोर्टाची रेषा अर्थापाशी आहे. मण्यारीच्या उताऱ्यात आपणही तीच पाळली.

छापण्याआधी मजकूर डॉक्टरांना दाखवावा का? अशा विषयात दाखवलाच पाहिजे, पण कशासाठी ते आधीच ठरवून घ्यावं. नाहीतर ‘साप काय वजन बघून चावतो का?’ हे वाक्य परत येताना ‘प्रतिविषाची मात्रा रुग्णाच्या वजनावर अवलंबून नसते’ असं होऊन येतं. तज्ज्ञांना आपलं बोलणं कागदावर पाहिलं की संकोच वाटतो, सहकारी काय म्हणतील असं वाटतं. तेव्हा सुरुवातीलाच सांगावं: “माहितीत चूक असेल तर जरूर दुरुस्त करा, बोलण्याची धाटणी मात्र तशीच राहू द्या.” डॉक्टरांनी नवी माहिती घातली तर ती घ्यावी. आधी सांगितलेलं एखादं वाक्य मागे घ्यायचं म्हणाले तर कारण विचारावं. रुग्णाची ओळख पटत असेल किंवा माहिती चुकीची असेल तर ते काढलंच पाहिजे. नुसतं धारदार आहे म्हणून काढायचं असेल तर थोडी रदबदली करावी, बहुतेक डॉक्टर ऐकतात.

आणि लेख छापून आला की फोनमधली जागा मोकळी करायच्या नादात मूळ रेकॉर्डिंग पुसू नका. विषय आणि तारीख नावात घालून, शब्दशः उतरवलेली प्रत आणि डॉक्टरांनी मंजूर केलेला मजकूर असं तिन्ही एकत्र, दोन ठिकाणी जपून ठेवा. उद्या कोणी ‘मी असं म्हटलोच नव्हतो’ म्हणालं, किंवा एखाद्या वाचकाने डोसच्या आकड्यावर शंका घेतली, तर उत्तर त्यातच मिळेल.