व्हीएक्सलॅन: पन्नास बाइट्सचा हिशेब

ऑगस्ट २०११ मध्ये व्हीएमवेअर, सिस्को आणि अरिस्टाच्या इंजिनिअरांनी व्हीएक्सलॅनचा पहिला मसुदा मांडला. तेव्हाची अडचण अशी होती: चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या रॅकवर हलवायचं, तर त्याचा आयपी पत्ता बदलून चालत नव्हतं. म्हणजे दोन्हीकडे लेअर टू सेगमेंट एकच हवा. पण व्हीलॅनचे आकडे ४०९४ वर संपत, आणि लेअर टू पसरवला की स्पॅनिंग ट्री निम्म्या लिंक बंद करून बसे.

तोडगा सरळ होता. मशीनची अख्खी इथरनेट फ्रेम उचलायची आणि यूडीपी पॅकेटमध्ये घालून पाठवायची. हे काम दोन टोकांचे व्हीटेप करतात. फ्रेम कुठल्या सेगमेंटची, हे २४ बिटांच्या व्हीएनआयवरून कळतं. मधले राउटर फक्त व्हीटेपचे पत्ते पाहतात. आतल्या मॅक पत्त्यांशी त्यांना काही देणंघेणं नाही. शिवाय आतल्या फ्रेमवरून काढलेला हॅश व्हीटेप यूडीपीच्या सोर्स पोर्टमध्ये ठेवतो, त्यामुळे वेगवेगळे प्रवाह सगळ्या समान लिंकवर विभागले जातात. मला या रचनेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

खालच्या नेटवर्कने, म्हणजे अंडरलेने, काय द्यायचं, ही अपेक्षा मात्र बदलत गेली. २०१४ च्या आरएफसी ७३४८ मध्ये ब्रॉडकास्टसाठी आयपी मल्टिकास्ट गृहीत धरलं होतं. दोन डेटा सेंटरांमधल्या राउटेड लिंकवर मल्टिकास्ट चालवणं जिकिरीचं असे. पुढे ईव्हीपीएन आलं. कुठला मॅक कुठल्या व्हीटेपमागे आहे, हे बीजीपी सांगू लागलं, आणि एआरपीच्या विचारणेला स्थानिक व्हीटेपलाच उत्तर देता येऊ लागलं. उरलेल्या ब्रॉडकास्टच्या प्रती व्हीटेप स्वतःच प्रत्येक टोकाला पाठवू लागला. मल्टिकास्टची सक्ती संपली. व्हीटेपचे लूपबॅक पत्ते एकमेकांना पोहोचले, की अंडरलेचं बरंचसं काम झालं.

एमटीयूची अट मात्र पहिल्या दिवसापासून तशीच आहे. मशीनचं १५०० बाइट्सचं पॅकेट, त्यावर आतलं इथरनेट हेडर १४, व्हीएक्सलॅन ८, यूडीपी ८ आणि बाहेरचं आयपी २०: एकूण १५५०. लिंक १५०० चीच असेल, तर लक्षणं फसवी दिसतात. पिंग चालतं, एसएसएच लॉगिनपर्यंत जातं, पण मोठी फाइल पाठवली की सगळं गोठतं. मोठं पॅकेट अडल्याचा संदेश आलाच, तर तो व्हीटेपला मिळतो. मशीनला सहसा पत्ताच लागत नाही. व्हीटेपला पॅकेटचे तुकडे करायला आरएफसीने मनाई केली आहे. लिनक्स व्हीटेपवरून समोरच्या व्हीटेपच्या पत्त्यावर एवढं करून पाहावं:

```
ping -M do -s 1522 10.0.0.12
```

१५२२ मध्ये आयसीएमपी आणि आयपी हेडरचे २८ मिळवले की १५५० होतात. उत्तर आलं नाही आणि छोटं पिंग जात असेल, तर दोष एमटीयूचा. लिंक वाढवता येत नसेल, तर मशीनचा एमटीयू १४५० वर आणावा लागतो, आणि तोही सेगमेंटमधल्या प्रत्येक मशीनवर.

दोन डेटा सेंटरांमधली लिंक घेताना बँडविड्थबरोबर एमटीयूही करारात लिहून घ्या.