‘मी अशी…’ : न बोललेल्या बोलण्याचं व्याकरण

धनजहून कारंज्याला जाणाऱ्या बसमध्ये एक कॉलेजकन्यका मावशीला सांगत होती, “सरनं पेपर दाखवला अन् मी अशी, ‘मले नापासच करून टाका ना!’” मावशी दचकली. “तुनं सरले असं म्हनलं?” “नाई वो मावशी, मनात!”

मावशीची चूक नव्हती. तिच्या बोलीत दुसऱ्याचं बोलणं सांगायला ‘म्हने’ आहे आणि तो एकच शब्द बरीच कामं करतो. “थो म्हने का, येतो म्हने, पन आलाच नाई म्हने.” यातला पहिला ‘म्हने’ क्रियापद आहे. दुसरा बोलणं कुठं संपलं ते दाखवतो. तिसऱ्याचा अर्थ ‘ही ऐकीव गोष्ट, माझी जबाबदारी नाही’. पण तिन्ही ठिकाणी कुणीतरी तोंड उघडलेलं आहे, हे गृहीत असतं.

नव्या ‘अशी’त ते गृहीत नाही. फरक ओळखायची खूण व्याकरणातच आहे. ‘ती असं म्हणाली’ यातलं ‘असं’ नपुंसकलिंगी आहे, कारण ते बोलण्याकडे बोट दाखवतं. ‘मी अशी’, ‘तो असा’, ‘ते सगळे असे’ यांत मात्र लिंग-वचन बोलणाऱ्या माणसाचं येतं. म्हणजे इथं शब्द सांगितले जात नाहीत, माणूस वठवून दाखवला जातो. म्हणून पुढं वाक्य आलंच पाहिजे असंही नाही. “तो असा…” म्हणून नुसते डोळे वटारले तरी भागतं.

हे इंग्रजीचं भाषांतर आहे, असा आरोप होतो. अमेरिकेतल्या तरुणांच्या ‘आय वॉज लाइक’ची नोंद रोनाल्ड बटर्स यांनी 1982 मध्ये केली होती. जर्मन पोरंही ‘इश झो’, म्हणजे शब्दशः ‘मी असं’, म्हणतात. चित्रपट आणि रील्स यांनी आपल्याकडे हातभार लावलाच असेल. पण मला वाटतं, जमीन आधीच नांगरलेली होती. ‘तो असा हात करून म्हणाला’ हे आपलं जुनंच वाक्य. त्यातलं ‘म्हणाला’ गळालं की उरतो ‘तो असा’ आणि हात. ‘मला असं झालं, कधी एकदा घरी जाते’ यातही न बोललेला विचार ‘असं’नंच तोलला आहे. (शुद्धलेखनवाल्यांनी याचाही विचार करावा.)

हा ‘असा’ पसरतो तो बरोबरीच्यांच्या गप्पांतून, घडलेला प्रसंग रंगवताना. निरोप सांगताना तीच मुलं मुकाट्यानं ‘म्हनलं’वर येतात. “आबा असे, ‘खत घेऊन ये’” असं मी अजून ऐकलेलं नाही. तिथं शब्द चुकले तर खताची गोणीच चुकते.

कारंजा येईपर्यंत मावशीनं तीनदा विचारलं, “मंग सरले म्हनलं काय?” चौथ्यांदा मुलगी वैतागून बोलली, “म्हनलं, ‘थँक यू सर’.”