ईओडी म्हणजे नेमके किती वाजता?

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर टीमची लीड नव्या सहकाऱ्याला स्वागताच्या मेलमध्ये लिहिते, “ईओडीपर्यंत पाठव असं कुणी म्हटलं, की आधी विचार, दिवस कुणाचा?”

ईओडी म्हणजे कामाचा दिवस संपेपर्यंत. पण न्यूयॉर्कच्या ग्राहकाचं ऑफिस संध्याकाळी ५ ला सुटत असेल, तर त्याची सोमवारची ईओडी उन्हाळ्यात आपल्याकडे मंगळवारी पहाटे २:३० ला येते. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग ३:३०.

खरी गोची निरोपाच्या वेळेत आहे. त्याने उन्हाळ्यात सकाळी १० ला टाकलेला मेल इथे संध्याकाळी ७:३० ला पोचतो. ‘उद्या सकाळी बघू’ म्हणून लॅपटॉप मिटला, की मुदत झोपेतच टळते. म्हणून लीड सांगते, उत्तरात वेळ लिहूनच टाक: “मंगळवारी पहाटे २:३०, भारतीय वेळ. चालेल?” पुष्कळदा उत्तर येतं, “अरे, मी उद्या सकाळी बघणार आहे.” म्हणजे मंगळवारची दुपारही चालली असती! शुक्रवारच्या ईओडीला तर हे विचारायलाच हवं. सोमवारपर्यंत ती फाईल बहुधा कुणी उघडत नाही.