परत आलेली चादर आणि बंद पडलेलं खातं

मेल बहुधा भल्या सकाळी दिसतो: तुमचं विक्रेता खातं निष्क्रिय करण्यात आलं आहे. अ‍ॅमेझॉनवरचा सगळा माल दिसेनासा होतो, नव्या ऑर्डर थांबतात आणि विकलेल्या मालाचे पैसेही अडकून पडतात. कारण म्हणून करारातल्या तिसऱ्या कलमाचा हवाला आणि एखादी मोघम ओळ. अशा वेळी बहुतेक विक्रेते तासाभरात रागारागाने उत्तर धाडतात, आणि गाडं तिथेच रुततं.

समजा, सोलापूरहून चादरी विकणाऱ्या एका छोट्या धंद्यावर ‘वापरलेला माल नवा म्हणून विकला’ असा ठपका आला. मालकाला हा सरळसरळ अन्याय वाटतो, कारण चादरी थेट मागावरून येतात. मग अपिलात तो लिहितो की आम्ही वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे धंदा करतोय, घरची पाच माणसं यावर जगतात, गिऱ्हाईक खोटं बोलतंय. यातलं सगळं खरं असू शकतं. पण अपील वाचणाऱ्याला विचारायचं असतं एवढंच, की हे घडलं कसं आणि पुन्हा घडणार नाही कशावरून. त्याचं उत्तर या पत्रात कुठेच नाही, म्हणून अपील फेटाळलं जातं.

उत्तर शोधायचं तर आधी ‘अकाउंट हेल्थ’चं पान उघडावं लागतं. कोणत्या मालावर तक्रार आहे ते तिथे सापडतं. त्या मालाच्या अलीकडच्या ऑर्डर, परत आलेली पार्सलं आणि ग्राहकांनी परतीचं दिलेलं कारण एकापुढे एक मांडली, की गोष्ट बहुधा उलगडते. आपल्या चादरवाल्याकडे एका ग्राहकाने आठवडाभर ठेवून परत केलेली चादर आली. पॅकिंगच्या पोराने पिशवी धडधाकट पाहून ती पुन्हा फळीवर ठेवली. पुढच्या ग्राहकाला तीच गेली, घडीत केस अडकलेली. मागावरून आलेला माल कोराच होता. घोटाळा परतीच्या वाटेवर झाला.

आता अपिलाचे तीन भाग आपोआप सुचतात. पहिला, मूळ कारण: परत आलेला माल न तपासता विक्रीच्या साठ्यात मिसळला. दुसरा, केलेली दुरुस्ती: त्या ग्राहकाचे पैसे परत दिले, फळीवरचा सगळा साठा उघडून तपासला, शंकास्पद नग बाजूला काढले. तिसरा, पुढची सोय: परतीच्या मालाची वेगळी फळी, त्याची नोंदवही, आणि उघडलेला नग नवा म्हणून पुन्हा विकायचा नाही. यात घरच्या अडचणींना जागा नाही. एक पान पुरतं. मात्र जे केलंच नाही ते ‘केलं’ म्हणून लिहिलं, तर पुढच्या तक्रारीत ते उघडं पडतं.

ठपका ‘माल नकली आहे’ असा असेल तर प्रकरण बिलावर येतं. गेल्या वर्षभरातलं खरेदीचं पक्कं बिल लागतं. त्यावरचं विक्रेत्याचं नाव-पत्ता खात्याशी जुळावा लागतो आणि विकलेल्या नगांना पुरेल इतकी खरेदी त्यात दिसावी लागते. कच्च्या चिठ्ठीवर माल उचलणारे इथे हमखास अडकतात. आणि मग कुणीतरी सुचवतं, बिलातली तारीख तेवढी बदल. बनावट कागद पकडला गेला तर खातं कायमचं बंद होऊ शकतं. मूळ तक्रार खोटी होती याला नंतर किंमत उरत नाही. दुसऱ्या नावाने नवं खातं उघडण्याची पळवाटही अशीच महागात पडते. जोडलेली खाती ओळखली जातात आणि दोन्ही जातात.

‘आतली ओळख आहे, खातं सुरू करून देतो’ म्हणणारे दलाल हा वेगळाच बाजार. अमेरिकेत सप्टेंबर 2020 मध्ये सहा जणांवर अ‍ॅमेझॉनच्या कर्मचाऱ्यांना लाच देऊन बंद खाती आणि माल पुन्हा सुरू करून घेतल्याचे आरोप ठेवले गेले. लाचेची रक्कम 1 लाख डॉलरच्या वर असल्याचा सरकारी पक्षाचा दावा होता. आरोपींमध्ये हैदराबादेत पूर्वी अ‍ॅमेझॉनसाठी काम केलेला माणूसही होता. पुढे त्याला तुरुंगवास झाला.

विक्रेत्याच्या हातात फार काही नसतं, हेही खरंच. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने चौकशी लावल्यावर, जुलै 2019 मध्ये अ‍ॅमेझॉनने करार बदलत असल्याचं जाहीर केलं. तोवर विनाकारण, तत्काळ खातं बंद करण्याची मुभा कंपनीला होती. त्यानंतर सर्वसाधारण कारणासाठी 30 दिवसांची सूचना आली, पण गंभीर ठपक्यात खातं आजही एका झटक्यात थांबतं. म्हणून खातं बंद असतानाही आधी आलेल्या ऑर्डर वेळेत पाठवायच्या असतात. त्या चुकल्या, की उशिराच्या आणि रद्द ऑर्डरींचे नवे डाग लागतात, आणि अपील मंजूर होण्याआधीच दुसरी तक्रार उभी राहते.