खरं सांगणारा ससा

बालवाडीत खरेपणावर खेळ बसवायचा म्हटला की शेवटी खोटं बोलणाऱ्याला शिक्षा होते. वैरागच्या चिमुकल्यांसाठी आम्ही लिहिलेल्या खेळात ते मुद्दाम टाळलं आहे. कॅनडातील कांग ली, व्हिक्टोरिया तलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘वळून खेळणं बघायचं नाही’ असं मुलांना बजावलं, मग गोष्ट ऐकवली आणि ‘बघितलंस का?’ असं विचारलं. ‘लांडगा आला रे’ ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांची शाबासकी मिळालेल्या मुलाची गोष्ट ऐकल्यावर मात्र जास्त मुलं खरं बोलली.

म्हणून आमचा ससा असा :

(ससा उड्या मारतो. पडद्यामागे खापरं वाजवा.)
ससा : या अल्लाह! दादीची सुरई फुटली! मांजरीने फोडली म्हणू का?
(कान खाली. मनात पाच आकडे मोजा.)
दादी : बेटा, सुरई कशी फुटली?
ससा : मां... मांज... नाही दादी. मीच उड्या मारत होतो. माझ्याच धक्क्याने फुटली.
दादी : सुरईचं वाईट वाटलं रे. पण तू खरं सांगितलंस, त्याचं फार बरं वाटलं. जा, फडकं आण. दोघं मिळून पुसू.

दादीने विचारताना फक्त सशाकडे बघावं. ती मुलांकडे वळली की सगळा वर्ग ‘सशानं, सशानं!’ ओरडतो आणि ससा खरं सांगणारा न राहता पकडलेला ठरतो. तरी कुणी ओरडलंच तर दादीने म्हणावं, “मला सशाच्याच तोंडून ऐकायचंय.”

सशासाठी मोठ्या माणसाचा लांब मोजा घ्या. टाच मनगटाच्या वरच्या बाजूला येऊ द्या आणि पुढचं टोक अंगठा व बोटांच्या मध्ये आत दाबा, की तोंड तयार. कान कापडाचे शिवा. डोळ्यांना बटणं नकोत, ती तुटून लहान मुलांच्या तोंडात जातात; दोऱ्याने भरा. बोलताना अंगठा खाली न्यायचा. बोटं वर उचलली की ससा छताकडे बघत बोलतो, आणि मुलंही वर बघू लागतात!

दादी कागदी पिशवीची. चौकोनी बुडाची पिशवी उलटी धरा. दुमडलेल्या बुडावर डोळे, नाक आणि वरचा ओठ काढा, त्या घडीखाली खालचा ओठ. सगळा चेहरा बुडावरच काढला तर तोंड उघडत नाही. डोक्यावर जुन्या ओढणीचा तुकडा चिकटवा.

पडद्याला दोन खुर्च्यांवर टाकलेली चादर पुरते. खेळ संपल्यावर ससा मुलांच्या हाती द्या आणि खरोखरचं फडकंही. तीन वर्षांच्यांना सुरई फोडण्यापेक्षा ते पुसणंच जास्त आवडतं.